डब्यातून गेलेला चार्जर आणि डब्यावर राहिलेला आकडा

भाच्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "मामू, डब्ब्यात चार्जरच नै," तो म्हणाला. नवा फोन घेऊन तो नुकताच घरी पोचला होता. डबा उघडला तर फोन, एक वायर, सिम काढायची सुई आणि कागद. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या ठळक अक्षरांत '80 वॅट'. आणि मागच्या बाजूला, माझ्या चष्म्यालाही जड जाईल इतक्या बारीक अक्षरांत, चार्जर वेगळा घ्यावा लागेल अशी सूचना. तो परत दुकानात गेला. दुकानदाराने त्याच कंपनीचा 80 वॅटचा चार्जर काढून दाखवला, किंमत अडीच हजार. वर सांगितलं, "दुसरा कुठलाही लावशील तर फास्ट होणार नाही, बॅटरी पण जाईल."

भाचा पुण्यात घरपोच जेवण पोचवायचं काम करतो. त्याच्यासाठी फोन म्हणजे दुकान, नकाशा, गल्ला सगळंच. चौदा महिन्यांपूर्वी घेतलेल्या फोनची बॅटरी दुपारी चारलाच मान टाकू लागली म्हणून त्याने हा नवा घेतला होता. अडीच हजार म्हणजे त्याची दोन-तीन दिवसांची कमाई. मी म्हटलं, घाई करू नकोस. रविवारी दोन्ही फोन आणि जुना चार्जर घेऊन ये.

माझं आयुष्य वीज मीटर तपासण्यात गेलं. कुणी वॅटचा आकडा सांगितला की तो कुठे मोजला, किती वेळ मोजला, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. ही सवय लग्नसमारंभात फारशी उपयोगी पडत नाही, पण इथे पडली.

आधी चार्जर डब्यातून का गेला ते पाहू. ऑक्टोबर 2020 मध्ये ॲपलने आयफोन 12 सोबत चार्जर द्यायचं बंद केलं. कारण पर्यावरणाचं दिलं: लोकांकडे चार्जर पडून आहेत, डबा लहान झाला की वाहतुकीच्या एका फळीवर सत्तर टक्के जास्त डबे मावतात. पुढच्या जानेवारीत सॅमसंगने गॅलेक्सी एस 21 पासून तेच केलं. हा युक्तिवाद मला मुळात चुकीचा वाटत नाही. माझ्याच कपाटात पाच चार्जर आहेत. पण त्याच आयफोनच्या डब्यात जी वायर दिली होती तिचं एक टोक टाइप-सी होतं, आणि लोकांच्या घरी पडून असलेले बहुतेक ॲपल चार्जर जुन्या, चपट्या यूएसबीच्या तोंडाचे होते. म्हणजे घरात चार्जर आहे हे गृहीत धरून चार्जर काढला, आणि वायर अशी दिली की तो घरचा चार्जर चालणार नाही. ब्राझीलने हे हसण्यावारी नेलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयाने ॲपलला सुमारे 1 कोटी 22 लाख रिआलचा दंड ठोठावला आणि चार्जरशिवाय आयफोन विकायला मनाई केली.

आपल्याकडे अजून बऱ्याच कंपन्या चार्जर देतात, पण एकेक जण काढून घेऊ लागला आहे. आणि आपल्याकडचा पेच ॲपलच्या पेचापेक्षा वेगळा आहे. वायरचं तोंड आता सगळीकडे टाइप-सी झालंय. भाच्याचा जुना चार्जर नव्या फोनला व्यवस्थित बसतो. बसतो, पण दोघांचं बोलणं जुळत नाही. त्याकडे येतोच, आधी आकडा.

जुना फोन '67 वॅट'चा होता. तेव्हा डब्यात चार्जर मिळाला होता. फोन घेतला त्याच आठवड्यात मी तो मोजला होता, आणि तो कागद माझ्याकडे अजून आहे. मोजायची पद्धत अगदी साधी. भिंतीतल्या सॉकेटमध्ये एक छोटा वॅटमीटर लावायचा, त्यात चार्जर, आणि चार्जरला फोन. फोन बंद असला तर उत्तम, म्हणजे पडदा आणि नेट वीज खात नाहीत. मीटर दोन गोष्टी सांगतो: या क्षणाला किती वॅट ओढले जातायत, आणि सुरुवातीपासून एकूण किती वॅट-तास गेले. यूएसबीच्या वायरमध्ये लावायचे मीटरही मिळतात, पण या खासगी पद्धतीच्या चार्जरमध्ये असा मीटर मध्ये आला की कधी कधी चार्जर आणि फोन एकमेकांना ओळखतच नाहीत. म्हणून भिंतीकडून मोजलेलं बरं.

बॅटरी 5000 मिलिअँपिअर-तासांची. तिचा सरासरी दाब 3.87 व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार केला की बॅटरीत एकूण सुमारे 19 वॅट-तास वीज मावते. आता 67 वॅट सतत मिळाले असते तर ही टाकी साडेसतरा मिनिटांत भरली असती. जाहिरातीत मात्र 'पन्नास मिनिटांच्या आत पूर्ण' असं लिहिलेलं होतं. म्हणजे दोन्ही आकडे एकाच जाहिरातीत, आणि दोन्ही एकदम खरे असूच शकत नाहीत, असं आपल्याला वाटतं. पण ते दोन्ही खरे असतात. फक्त 67 हा आकडा पहिल्या काही मिनिटांचा असतो.

माझ्या कागदावर असं आहे. सुरुवातीला मीटर एकदा 66 वर गेला आणि लगेच 62 वर स्थिरावला. वीस टक्के भरेपर्यंत, म्हणजे साडेचार मिनिटं, तो साठीच्या घरात राहिला. तीस टक्क्यांच्या आसपास 50 वर उतरला. बॅटरी निम्मी भरली तेव्हा चौदा मिनिटं झाली होती आणि मीटर 36 दाखवत होता. ऐंशी टक्के एकोणतिसाव्या मिनिटाला, तेव्हा वीस-बावीस वॅट. शेवटच्या दहा टक्क्यांत 11. पूर्ण भरायला एकोणपन्नास मिनिटं. मीटरवर एकूण 23 वॅट-तास, म्हणजे सरासरी 28 वॅट. तेही भिंतीतून ओढलेले. त्यातला दहावा भाग चार्जरमध्येच उष्णता होऊन जातो, आणखी थोडा फोनमध्ये.

यात फसवणूक नाही, बॅटरीचा स्वभाव आहे. लिथियम-आयन बॅटरी रिकामी असते तेव्हा भरपूर प्रवाह घेऊ शकते. भरता भरता तिचा दाब वाढत जातो, आणि एका ठरलेल्या मर्यादेला पोचला की दाब तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत जावा लागतो. भरलेल्या एसटीत शेवटचे चार प्रवासी चढवायला जसा वेळ लागतो तसं. प्रवाह कमी केला नाही तर लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी वरच धातूच्या रूपात साचू लागतात. त्याने बॅटरीची क्षमता तर जातेच, धोकाही निर्माण होतो. म्हणून प्रत्येक कंपनीचा प्रत्येक फोन शेवटी हळूच भरतो, डब्यावर 67 असो की 240.

मग तोच फोन मी माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सी चार्जरवर लावून पाहिला. या चार्जरवर '65 वॅट' लिहिलेलं आहे. मीटर 20 वर गेला आणि तिथेच बसून राहिला. ना बावीस, ना पंचवीस. ऐंशी टक्के व्हायला पंचावन्न मिनिटं लागली, आणि पूर्ण व्हायला सव्वा तास.

हा आकडा मी भाच्याला दोनदा वाचून दाखवला. त्या खासगी 67 वॅटने एकोणपन्नास मिनिटं, आणि जेमतेम 18 वॅट देणाऱ्या साध्या व्यवस्थेने पंचाहत्तर. डब्यावरच्या आकड्यात जवळपास चौपट फरक, घड्याळात दीडपट. ज्याला सकाळी निघताना दहा मिनिटंच मिळतात त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण पहिल्या दहा मिनिटांतच वेगवान चार्जर बाजी मारतो: एकीकडे जवळपास चाळीस टक्के, दुसरीकडे पंधरा. पण जो रात्री लावून झोपतो त्याच्यासाठी काहीच नाही. तो 67 साठी जे पैसे मोजतो ते झोपेत खर्च होतात.

आता प्रश्न असा की 65 वॅटचा चार्जर 67 वॅटच्या फोनला 18 च का देतो? याचं उत्तर कळलं की दुकानदाराचं अर्धं बोलणं आपोआप गळून पडतं.

चार्जर फोनमध्ये वीज 'ढकलत' नाही. वायर जोडली की दोघांत आधी बोलणं होतं. चार्जर सांगतो, माझ्याकडे 5 व्होल्ट आहेत, 9 आहेत, 15 आहेत, 20 आहेत, प्रत्येकाला एवढे अँपिअर. फोन त्यातलं एक निवडतो. हे बोलणं ज्या भाषेत होतं तिचं नाव यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी. ती कुणा एका कंपनीची नाही. दोघांची भाषा जुळली नाही तर दोघेही 5 व्होल्टच्या प्राथमिक बोलीवर येतात आणि फोन दहा वॅटने रखडतो. माझा लॅपटॉप चार्जर आणि तो फोन, दोघांनाही पीडी थोडीफार येत होती, म्हणून 9 व्होल्ट, 2 अँपिअरवर सौदा ठरला. 18 वॅट. फोनला याहून जास्त पीडी शिकवलेलीच नव्हती. त्याची मातृभाषा कंपनीची खासगी भाषा.

अशा खासगी भाषा निर्माण व्हायला एकेकाळी चांगलं कारण होतं, हे कबूल केलं पाहिजे. फोनमध्ये जास्त व्होल्टची वीज आली की ती बॅटरीच्या चार-सव्वाचार व्होल्टपर्यंत खाली आणावी लागते, आणि हे काम फोनच्या पोटात झालं की फोन तापतो. 2014 मध्ये ओप्पोने वूक नावाची पद्धत आणली. तिच्यात दाब बॅटरीला हवा तसा चार्जरमध्येच बदलायचा आणि जाड वायरमधून जास्त अँपिअर पाठवायचे, अशी कल्पना होती. उष्णता हातातल्या फोनऐवजी भिंतीवरच्या चार्जरमध्ये. हुशारीची गोष्ट. पुढे अनेकांनी आपापल्या पद्धती काढल्या. काहींनी एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन निम्म्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, म्हणजे तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा होतो. आणि वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे प्रवाह निम्मा झाला की ती चौथाई होते.

पण 2017 च्या सुमारास हीच सोय पीडीच्या सार्वजनिक भाषेतही आली. तिला पीपीएस म्हणतात. यात फोन चार्जरला क्षणोक्षणी सांगू शकतो, दाब थोडा वाढव, थोडा कमी कर, अगदी व्होल्टच्या पन्नासाव्या भागाच्या पायऱ्यांनी. सॅमसंगचे 25 आणि 45 वॅटचे फोन हीच भाषा बोलतात, आणि म्हणून त्यांना पीपीएस येणारा दुसऱ्या कुणाचाही चांगला चार्जर पूर्ण वेगाने चालतो. 45 वॅटला वायर मात्र 5 अँपिअरची लागते. साधी टाइप-सी वायर 3 अँपिअरची असते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. 5 अँपिअरच्या वायरच्या टोकात एक लहानशी चिप असते जी 'मी पाच झेपवते' असं सांगते. ती नसेल तर चार्जर तीनच्या वर जात नाही. घरोघरी 'चार्जर खराब झाला' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा खराब झालेली किंवा चुकीची असते ती वायर.

तर सार्वजनिक भाषेत सगळी सोय असताना खासगी भाषा चालू ठेवणं आणि त्याच वेळी 'तुमच्याकडे चार्जर आहेच' म्हणून डब्यातून चार्जर काढून घेणं, या दोन गोष्टी एकाच तोंडाने बोलता येत नाहीत. एक तर भाषा उघडी करा, मग चार्जर खुशाल काढा, मी टाळ्या वाजवीन. नाहीतर खासगी भाषा ठेवा आणि चार्जर द्या. भाच्याच्या घरी आज 67 वॅटचा धडधाकट चार्जर आहे. नव्या फोनला तो लावला तर मीटर 20 दाखवतो, कारण दोन्ही कंपन्यांच्या बोली वेगळ्या. त्याने अडीच हजारांचा चार्जर घेतला असता तर वेगळ्या डब्यात, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, वेगळ्या गाडीतून तो आला असता. यात पर्यावरणाचं काय वाचलं ते मला कुणी समजावून सांगावं.

दुकानदाराचं दुसरं अर्धं वाक्य, 'बॅटरी पण जाईल'. दुसऱ्या कंपनीच्या चांगल्या चार्जरने बॅटरी जात नाही. भाषा जुळली नाही तर फोन हळू भरतो, आणि हळू भरणं बॅटरीला मानवतंच. भीती आहे ती फुटपाथवरच्या दीडशे रुपयांच्या चार्जरची, ज्यात आतलं वेगळेपण नीट नसतं आणि भिंतीतले 230 व्होल्ट फोनपर्यंत पोचू शकतात. त्यासाठी चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखाली 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहायचा. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुठल्या उत्पादकाचा आहे ते दिसतं. क्रमांक कुणीही छापू शकतो, म्हणून तो टाकून पाहायचा. नुसता पाहून समाधान मानायचं नाही.

मग बॅटरी जाते कशाने? इथे मला भाच्याचा जुना फोन उपयोगी पडला.

तो पुन्हा बंद करून शून्यापासून शंभरपर्यंत भरला, त्याच चार्जरने, त्याच मीटरवर. चौदा महिन्यांपूर्वी 23 वॅट-तास गेले होते. आता 18 गेले. भागाकार केला की 78 टक्के. म्हणजे बॅटरीची जवळपास चौथाई टाकी नाहीशी झाली. बॅटरीची तब्येत तपासायची याहून सोपी आणि स्वस्त पद्धत मला माहीत नाही, फक्त फोन नवा असताना एकदा मोजून लिहून ठेवावं लागतं. काही अँड्रॉइड फोनमध्ये *#*#4636#*#* डायल केलं की बॅटरीची माहिती आणि तापमान दिसतं, सगळ्यांत नाही. नव्या आयफोनमध्ये आणि काही नव्या अँड्रॉइड फोनमध्ये किती फेऱ्या झाल्या तेही सेटिंग्जमध्ये मिळतं. फेरी म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. पन्नास-पन्नास दोनदा भरलं तर एक फेरी.

भाच्याच्या रोज दीड फेऱ्या होत होत्या. चौदा महिन्यांच्या मिळून सव्वासहाशेच्या आसपास. कंपन्या काय वचन देतात? काहींनी वेगवान चार्जिंगच्या जोडीला आठशे फेऱ्यांनंतर 80 टक्के क्षमता शिल्लक राहील असं सांगितलं, ओप्पोने 2022 मध्ये 150 वॅटच्या पद्धतीसाठी सोळाशे फेऱ्या सांगितल्या. हे दावे खोटे असतील असं मी म्हणत नाही. पण प्रयोगशाळेतल्या चाचण्या बेतशीर तापमानात होतात. भाच्याचा फोन एप्रिलच्या उन्हात मोटरसायकलच्या हँडलवर, पडदा पूर्ण उजेडावर, नकाशा चालू, आणि गाडीच्या चार्जरने सतत शंभर टक्क्यांपाशी ताणून धरलेला.

बॅटरीला म्हातारं करणाऱ्या दोन गोष्टी याच: उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. आणि दोन्ही एकत्र आल्या की बेरीज नव्हे, गुणाकार होतो. आत ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा तयार होत असतो. तो आवश्यकही असतो, पण जाड होताना तो लिथियम खात जातो आणि ते लिथियम परत मिळत नाही. उष्णता आणि जास्त दाब ही प्रक्रिया वेगाने पुढे नेतात. बॅटरी युनिव्हर्सिटी नावाच्या संकेतस्थळावर एक जुना तक्ता आहे. लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवून दिली, वापरलीच नाही, तरी वर्षभरात काय होतं त्याचा. 25 अंशांत आणि 40 टक्के भरलेली ठेवली तर 96 टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ठेवली तर 80. चाळीस अंशांत पूर्ण भरून ठेवली तर 65. आकडे बॅटरीच्या जातीनुसार पुढेमागे होतील, दिशा तीच राहील. चाळीस अंश म्हणजे आपल्या सोलापूरकरांचा एप्रिल. हँडलवरच्या फोनचं तापमान त्याहून बरंच वर.

म्हणून 'फास्ट चार्जिंगने बॅटरी मरते' हे जे सरसकट बोललं जातं, त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी तापमानही लिहिलं होतं. खोली 32 अंश. 67 वॅटने भरताना बॅटरी 42 पर्यंत गेली, 18 वॅटने 37 पर्यंत. पाच अंशांचा फरक, तोही वेगवान चार्जिंगमध्ये पंधरा-वीस मिनिटांपुरता. हे नुकसान आहे, पण लहान. रोज दहा तास उन्हात शंभर टक्क्यांवर राहणं हे त्याच्या कैक पटींनी मोठं. भाच्याच्या बॅटरीची सगळी चूक मी 67 या आकड्यावर टाकली असती तर ती चुकीच्या माणसाला शिक्षा झाली असती. खरं दुखणं वेगळं आहे: वेगवान चार्जरचा फायदा हाच की फोन भरलेला ठेवायची गरज उरत नाही. वीस मिनिटांत सत्तर टक्के मिळणार असतील तर रात्रभर लावून कशाला ठेवायचा? पण आपण वेगवान चार्जर विकत घेतो आणि तो रात्रभर लावून ठेवतो.

युरोपीय संघाने या सगळ्यात जे केलं ते मला पटतं. 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनला टाइप-सी सक्तीचं झालं, आणि 15 वॅटच्या वर वेगाने भरणाऱ्या फोनला पीडी यावीच लागते. खासगी भाषा असेल तर असो, पण सार्वजनिक भाषेची वाट अडवायची नाही. डब्यावर चित्र असतं, आत चार्जर आहे की नाही ते दूरूनही दिसावं असं. शेजारी या फोनला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वॅट लागतात ते. आणि 20 जून 2025 पासून फोनच्या ऊर्जा-लेबलवर बॅटरी किती फेऱ्या टिकेल तो आकडाही छापावा लागतो. किमान आठशे फेऱ्यांनंतर 80 टक्के शिल्लक, ही अट आहे. म्हणजे जे वचन जाहिरातीच्या कोपऱ्यात असायचं ते फ्रिजच्या ताऱ्यांसारखं समोर आलं.

आपल्याकडे 2022 च्या अखेरीस ग्राहक मंत्रालयाच्या बैठकीत टाइप-सीवर सहमती झाली, मानक ब्युरोने टाइप-सीचं मानकही प्रसिद्ध केलं. ते जोडणीचं मानक आहे. तोंडं सारखी झाली. आतल्या बोलीचं आणि डब्यावरच्या आकड्याचं काय, हा प्रश्न मला ग्राहक पंचायतीच्या मंडळींनी धसाला लावावा असं वाटतं. मागणी फार मोठी नाही. मोठ्या अक्षरांत '80 वॅट' लिहायचं असेल तर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत शून्य ते शंभरला किती मिनिटं, पीडीवर किती वॅट, किती फेऱ्या, आणि चार्जर आत आहे की नाही. चार गोष्टी. डब्यावर जागा भरपूर आहे. चार्जर काढल्यावर डबा लहान झाला असला तरी.

नव्या फोनचं काय केलं ते सांगतो. मी त्याच्या माहितीपत्रकात शोधलं. खासगी 80 वॅटच्या बाजूला, एका ओळीत, पीपीएसवर 33 वॅट चालतं असं लिहिलेलं सापडलं. 33 वॅटचा पीपीएस चार्जर, नोंदणी क्रमांक तपासून, अकराशे रुपयांना मिळाला. त्याच्यावर फोन तासाभरात भरतो. रविवारी संध्याकाळी आम्ही सेटिंग्जमध्ये जाऊन चार्जिंगची मर्यादा 80 वर ठेवली, आणि गाडीवरच्या होल्डरला वरून एक छोटी टोपी बसवली. जुन्या टोपीच्या पुढच्या पुठ्ठ्याची, आपाने शिवून दिली.

जुन्या फोनमध्ये सेवा केंद्रातून नवी बॅटरी टाकायला ठेवली आहे. तो आपा वापरणार आहे, 67 वॅटच्या चार्जरसकट. नवी बॅटरी आल्यावर आधी माझ्याकडे आणायची, मीटरला लावून आकडा लिहून घ्यायचा, असं ठरलं आहे. भाचा म्हणाला, "मामू, कागद हरवेल, फोटो काढून ठेव." मी कागदावरच लिहिणार आहे.